आजीव वर्गणी: उत्पन्नात, भांडवलात की वेगळ्या निधीत?

इंदूरच्या रामबागेत आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे आणि त्याच्या हिशेबाचं काम माझ्याकडे आहे. आजीव वर्गणी कुठे दाखवायची यावर हल्ली दुसऱ्या मंडळांचे खजिनदारही विचारतात, म्हणून आमचेच आकडे सोपे करून मांडतो.

समजा, सभासद दीडशे, वार्षिक वर्गणी ६०० रुपये आणि वर्षाचा खर्च एक लाख. यंदा त्यातले वीस जण प्रत्येकी ९,००० भरून आजीव झाले. म्हणजे १,८०,००० एकदम आले, आणि वार्षिक वर्गणी उरली १३० जणांची, ७८,०००.

सगळी रक्कम उत्पन्नात घेतली, तर यंदा १,५८,००० चा वाढावा दिसतो आणि पुढच्या वर्षी २२,००० ची तूट. मला खटकलं ते इथेच. वार्षिक सभेत वर्गणीवाढीचा विषय निघाला की कोणीतरी ताळेबंद उघडून विचारतं, "एवढी शिल्लक असताना वाढ कशाला?" ते पैसे पुढच्या कित्येक वर्षांच्या चहा-वर्तमानपत्रांचे आहेत, हे त्या आकड्याकडे बघून कोणालाच पटत नाही.

सगळी रक्कम भांडवल निधीत टाकणं पुष्कळ ऑडिटरांना आवडतं. सरळ आहे, परीक्षेतही सहसा हेच उत्तर चालतं. पण मग ते वीस जण रोज वाचनालयात येतात आणि उत्पन्नात मात्र त्यांचा एक पैसा दिसत नाही. तूट दरवर्षी २२,०००, म्हणजे खरी आहे त्याहून मोठी.

आम्ही आजीव सभासद निधी वेगळा ठेवतो आणि दरवर्षी त्यातून माणशी ६००, म्हणजे १२,००० उत्पन्नात आणतो. पंधरा वर्षांत तो संपतो. सभासद वारले, तर त्यांची उरलेली रक्कम भांडवल निधीत जाते. असं केलं की तूट १०,००० दिसते, आणि दीडशे जण ६०० भरत होते तेव्हाही ती तेवढीच होती. १३० जणांची वर्गणी ८० रुपयांनी वाढवली की ती भरून निघते, आणि सभेला हे पटतं. नावनिशीवार नोंदवही ठेवावी लागते, तेवढा त्रास आहे. मंडळ अगदी लहान असेल तर भांडवलाचा मार्गही चुकीचा म्हणणार नाही.

मृत्युपत्राने आलेली रक्कम मात्र मी भांडवल निधीतच धरतो. कारण सांगून दिली असेल, तर त्या कारणाचा स्वतंत्र निधी.

वरचे ७८,००० बँकेत जसेच्या तसे येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. जमा झाले ८०,०००. त्यातले ५,००० गेल्या वर्षीच्या थकबाकीचे आणि ३,००० पुढच्या वर्षीचे आगाऊ, म्हणून ते वजा. यंदाचे ६,००० यायचे आहेत, ते मिळवायचे. आगाऊ रक्कम ताळेबंदात देण्यात, थकीत येण्यात. पण वर्षभर पाठपुरावा करूनही न आलेली थकबाकी मी येण्यात ठेवत नाही, खर्ची टाकतो.