मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर पाळीची नोंद: काही महिने वापरल्यानंतर

अंबाजोगाईत माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. वय पंचेचाळीसच्या पुढं गेलंय, पाळी अजून येते, पण तिचा भरवसा राहिला नाही. मुलीनं मोबाईलमध्ये पाळीचं एक ॲप टाकून दिलं होतं. ते काही महिने वापरलं, मग सोडलं आणि मापाच्या वहीची मागची पानं धरली. दोन्हींबद्दल लिहिते, कारण या वयात पाळीआधीची चिडचिड कधी येणार हे कळलं तर दिवस बरे लावता येतात, आणि ते कळायला ॲप मला कामाला आलं नाही.

ॲपचा दोष नाही. मागच्या पाळ्यांची सरासरी काढून ते पुढची तारीख सांगतं. पाळी नेमानं येणाऱ्या मुलीला ते बरोबर बसतं. माझं अंतर एकदा २७ दिवसांचं, मग ३८, मग २४. ते ‘उशीर, उशीर’ दाखवत राहायचं आणि ‘मूड बिघडण्याचे दिवस’ म्हणून जे रंगवायचं, त्या दिवशी मी छान हसतखेळत असायची. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो, त्यात फार फरक पडत नाही. लांबतो किंवा आखडतो तो बीज सुटायच्या आधीचा काळ. म्हणजे वाईट आठवडा मोजायचा तो पुढच्या पाळीपासून मागं, आणि ती पाळी कधी येणार हेच तर माहीत नसतं! नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं की लागोपाठच्या अंतरांत सात किंवा त्याहून जास्त दिवसांचा फरक वरचेवर पडायला लागला, की पाळी जाण्याची वाट सुरू झाली असं धरतात.

वहीत मी सहा रकाने आखले: पाळीचा कितवा दिवस, राग, उदासी, झोप, अंग (छाती जड होणं, पोट फुगणं), आणि शेवटी ‘बाहेरचं कारण’. राग, उदासी, झोप, अंग यांना १ ते ६ आकडा. १ म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे टोकाचा. डॉक्टर वापरतात त्या रोजच्या नोंदीच्या तक्त्यातही हीच मोजणी असते. शटर ओढायच्या आधी दोन मिनिटांत भरून होतं. एखादा दिवस राहिला तर तो कोराच ठेवायचा, आठवून भरायचा नाही. घरात एक भांडण झालं की सगळा आठवडाच वाईट गेला असं वाटतं, आणि तसेच आकडे पडतात. म्हणूनच डॉक्टरही नुसत्या आठवणीवर जात नाहीत, निदान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात.

होळीनंतरची एक पाळी सांगते. चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत रागाचे आकडे १, २, १, १, २, १, १. पाळी यायच्या आधीचे सात दिवस ३, ४, ४, ५, ५, ४, ३. पहिल्या आठवड्याची सरासरी सव्वाच्या आसपास, शेवटच्याची ४. पाळी लागली आणि दोन-तीन दिवसांत आकडा परत खाली. असा चढउतार पाळीमागून पाळी दिसला तर त्रास चक्राचा आहे. दोन्ही आठवडे सारखेच चढे असतील तर कारण दुसरीकडं शोधायचं.

पण खरी कामाची गोष्ट झोपेच्या रकान्यात निघाली. राग चढायच्या दोनेक दिवस आधी माझी झोप पहाटे तीनला मोडायची आणि छाती दुखरी व्हायची. हे जवळजवळ प्रत्येक पाळीत. सगळ्यांचं असंच असेल असं नाही, कुणाचं डोकं दुखतं, कुणाला गोड खावंसं वाटतं. पण आपली आधीची खूण सापडली की तारखेची गरजच राहत नाही. आता झोप आणि अंग दोन्हींत ४ पडला, की दुसऱ्या दिवसापासून मी कात्री बाजूला ठेवते. पैठणीचं कापड, प्रिन्सेस कट, नवीन गिऱ्हाइकाचं माप, हे त्या दिवसांत नाही. तुरपाई, हुक, काज, फॉल-पिको एवढंच. गिऱ्हाइकाला तारीख देतानाच चार दिवस जास्तीचे धरते. घरी मोठा स्वयंपाक आणि पैशाचं बोलणं पाळी लागल्यावर.

‘बाहेरचं कारण’ हा रकाना गाळू नका. एप्रिल-मेमध्ये एकीकडं लग्नसराई, दुसरीकडं आपल्याकडचं ऊन, लाईट गेलेली, टँकरची वाट. त्या वेळी कुणाचाही आकडा ४ वर जातो. रात्रीच्या घामाचाही घोटाळा होतो. उकाड्याचा घाम खोलीतल्या सगळ्यांना येतो आणि रात्रभर राहतो. पाळी जातानाची वाफ छातीतून तोंडावर चढते, थोड्या मिनिटांत ओसरते, मागून कधी हुडहुडी भरते, आणि शेजारचं माणूस निवांत घोरत असतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची पिशवी काढलेली आहे. बीड जिल्ह्यात हे किती घरांत झालंय ते सांगायला नको. ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. जाऊबाई म्हणाल्या, “पाळीच न्हाई तर मी काय लिहू? तरी महिन्याला डोकं फिरतंयच की माय.” त्यांचे अंडाशय जागेवर आहेत. पिशवी गेली की रक्तस्राव थांबतो, पण अंडाशयाचं चक्र चालूच राहतं आणि मनाचा चढउतारही. त्यांनी पाळीच्या दिवसाचा रकाना सोडून बाकीचे भरले, तर दर महिन्याला एक उंचवटा दिसला. अंडाशयही काढले असतील तर गोष्ट वेगळी, तिथं पाळी जाण्याचा त्रास एकदम अंगावर येतो आणि त्यासाठी डॉक्टरच लागतात.

तोटे सांगते. वही कुणी वाचली तर ती आपल्यावरच उलटते. एकदा पैशाच्या हिशोबावरून मी रास्त बोलत होते तर नवरा म्हणाला, “तुझे ते दिवस दिसतात.” तेव्हापासून रकान्यांना नावं नाहीत, छाती-कंबर-बाहीसारखी अक्षरं आहेत. आणि वही नुसतं दाखवते, बरं करत नाही. पानं घेऊन डॉक्टरकडं गेले तेव्हा त्यांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं, कारण दोन्हींमुळं थकवा आणि चिडचिड येते. थायरॉईड ठीक निघालं, रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू झाल्या आणि थकव्याचा भाग उतरला. रागाचा उंचवटा राहिला, थोडा बुटका झाला एवढंच. पाळीच्या हार्मोनची तपासणी मी मागितली, तर “या वयात ते आकडे सारखे वरखाली होतात, एका तपासणीवरून काही ठरत नाही” म्हणाल्या.

उदासीत ५-६ पडायला लागले आणि जगणं नकोसं वाटलं तर पाळीची वाट बघू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांवर रक्त जात असेल तर तेही वहीत मोजत बसायचं काम नाही.

सध्या माझ्या पाळीला दोन महिने उलटलेत. आधी गरोदरपणाची पट्टी लावून बघितली, कारण या वयातही राहू शकतं. ती निल निघाली. पाळीच्या दिवसाचा रकाना आता कोराच जातो, म्हणून नवीन पानावर तो आखलाच नाही. झोप, अंग आणि बाहेरचं कारण चालू आहे. बारा महिने सलग पाळी आली नाही की ती गेली म्हणायची, तोपर्यंत मागची पानं पुरतील असं वाटतं, नाहीतर नवीन माप वही घ्यायचीच आहे.