केडेनलाइव्हवर रेसिपी व्हिडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर, अळूच्या फोडणीच्या निमित्ताने

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या रेसिप्यांचे व्हिडिओ मी पावसाळ्यापासून केडेनलाइव्हवर जोडते आहे. हा प्रोग्राम फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, लिनक्स दोन्हीवर चालतो. माझा लॅपटॉप साधाच, ८ जीबी रॅमचा, त्यामुळे मोबाइलच्या क्लिपांची प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, करून घ्यावी लागते. ती सोय आत आहेच. शेवटचा व्हिडिओ मूळ क्लिपांवरूनच बनतो. बाकी कोणती बटणं कुठे आहेत हे दोन-तीन संध्याकाळींत कळतं. मला लिहायचं आहे ते घटकांची नावं पडद्यावर नेमकी कधी आणायची याबद्दल, कारण रेसिपी व्हिडिओचा निम्मा जीव त्यात आहे.

उदाहरण अळूच्या फतफत्याचं घेऊ. चिरणं, डाळ-दाणे भिजवणं, कुकरच्या शिट्या, घोटणं या सगळ्याला वेळच वेळ असतो. ‘चणाडाळ, २ टेबलस्पून’ ही पाटी तीन सेकंद आरामात बसते. खरी परीक्षा फोडणीची. मावशीच्या एका क्लिपमध्ये मोहरी पडली तो क्षण शून्य धरला, तर चौथ्या सेकंदाला ती तडतडली, सहाव्याला मेथीदाणे, आठव्याला हिंग, नवव्याला हळद, अकराव्याला मिरच्या आणि पंधराव्याला घोटलेलं अळू कढईत. तिला ‘जरा सावकाश टाक’ म्हणून सांगता येत नाही. ती म्हणते, “अगं, हळद जळेल ना!” आणि तिचं बरोबरच आहे.

आता प्रत्येक पाटीला नाव आणि प्रमाण वाचायला किमान दोन सेकंद द्यायचे, तर हळद पडत असताना पडद्यावर अजून हिंगच असतो. बघणाऱ्याला वाटतं, ती पिवळी पूड म्हणजे हिंग. पाटी मागे पडली आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे आवाज बंद करून व्हिडिओ बघायचा. हातातला पदार्थ आणि अक्षरं एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतील तर लगेच खटकतं.

यावर मला जमलेला उपाय असा. फोडणीच्या आधी मसाल्याच्या डब्याचा वरून घेतलेला एक स्थिर शॉट टाकायचा, सहा सेकंदांचा, आणि सगळी प्रमाणं तिथेच द्यायची: मोहरी अर्धा चमचा, मेथीदाणे पाव चमचा, हिंग, हळद, मिरच्या. मग फोडणीत फक्त नावं, एका ओळीत, प्रमाण नाही. हिंग आणि हळद यांत एकाच सेकंदाचं अंतर, म्हणून त्यांची पाटी एकच: ‘हिंग, हळद’. अशाने पाच पाट्यांच्या चार होतात आणि कुणाची कुणावर गर्दी होत नाही.

पाटी आणायची पदार्थ पडायच्या साधारण अर्धा सेकंद आधी, म्हणजे ३० फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये १५ फ्रेम. चमचा चौकटीत शिरतो तेव्हा. पदार्थ पडतो त्याच क्षणी अक्षरं आली तर डोळा हालचालीकडे जातो आणि नाव वाचायचं राहून जातं.

पाट्या करायला Template Title Clip नावाची सोय आहे आणि केडेनलाइव्ह मला आवडण्याचं ते मुख्य कारण आहे. टायटल एडिटरमध्ये एकदा पाटी सजवायची, मजकुराच्या जागी `%s` लिहायचं आणि ती फाइल ठेवून द्यायची. मग प्रत्येक घटकासाठी तोच साचा आणायचा आणि फक्त नाव बदलायचं. अक्षरांचा आकार, जागा, रंग सगळ्या व्हिडिओभर एकसारखे राहतात. देवनागरी जोडाक्षरं माझ्याकडे नीट उमटतात. फॉन्ट मात्र जाड घ्यावा, बारीक रेषांची वेलांटी मोबाइलवर गायब होते. अक्षरांच्या मागे अर्धपारदर्शक गडद पट्टी हवीच. अळू कढईत पडलं की वाफेचा लोट उठतो आणि पांढरी अक्षरं त्यात विरघळून जातात. मी पाटी डावीकडे वर ठेवते, कारण उभ्या व्हिडिओत खालचा भाग ॲपच्या बटणांनी आणि मजकुरानी झाकला जातो.

एक गोष्ट लवकर समजून घ्यावी. खुणा दोन प्रकारच्या असतात: गाइड टाइमलाइनला चिकटलेला असतो आणि मार्कर क्लिपला. फोडणीची क्लिप ऐकत ऐकत प्रत्येक घटकाला मार्कर लावला, तर पुढे ती क्लिप सरकवली तरी खुणा तिच्यासोबत जातात. पाट्यांचं तसं नाही. आधीचा एखादा शॉट दोन सेकंदांनी कापून नुसत्या क्लिपा मागे ओढल्या की वरच्या ट्रॅकवरच्या पाट्या जागीच राहतात आणि मोहरीच्या वेळी हळद दिसते. म्हणून पाट्या बसल्या की त्या आणि त्यांचा शॉट निवडून `Ctrl+G` ने गट करायचा, किंवा सरकवायचं काम स्पेसर टूलनेच करायचं; ते पुढचं सगळं एकत्र हलवतं.

जोडकामाबद्दल माझं मत ठाम आहे. फिरणारे, पान उलटणारे, तारे उडवणारे ट्रान्झिशन स्वयंपाकाच्या व्हिडिओत नकोत. सलग कृतीत सरळ कट, आणि वेळ गेला हे सांगायचं असेल तिथेच एका शॉटमधून दुसरा उमलू द्यायचा. कुकरचं झाकण लागलं, एक सेकंदाचं मिक्स, आणि थेट रवीने घोटणं. मध्ये शिट्या झाल्या हे कुणाला सांगावं लागत नाही. मिक्ससाठी दोन्ही क्लिपांच्या टोकांना न वापरलेलं थोडं चित्रण शिल्लक लागतं. ते नसेल तर मिक्स बसतच नाही. म्हणून शूटिंग करतानाच हात चौकटीबाहेर गेल्यावर दोन सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा.

फोडणीत तर आवाज कापूच नये. कढईचा जवळचा शॉट मध्ये घालायचा असेल तर फक्त चित्र बदलायचं, मूळ आवाज खालच्या ट्रॅकवर अखंड ठेवायचा. तडतड मध्येच तुटली तर डोळ्यांना न दिसलेला कट कानांना कळतो. उलट, तडतडीचा आवाज डब्याच्या शॉटच्या शेवटच्या सेकंदातच सुरू केला तर पुढचा कट जाणवतही नाही.

मोबाइलच्या क्लिपांची एक कटकट आहे. बरेच फोन फ्रेमदर कमी-जास्त करत चित्रण करतात आणि लांब क्लिपेत आवाज हळूहळू सरकतो. अशी क्लिप आत घेताना केडेनलाइव्ह ती बदलून घेऊ का असं विचारतो, हो म्हणावं. बाहेरूनच करायचं असेल तर:

```
ffmpeg -i phodni.mp4 -fps_mode cfr -r 30 phodni30.mp4
```

स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर दोष एडिटरचा नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. नंतर ते काढत बसणं फार जिकिरीचं.

कुणी घ्यावा? नुसतं पंधरा सेकंदांचं रील करायचं असेल तर फोनवरचं कुठलंही ॲप पुरेल, त्यासाठी लॅपटॉप उघडू नये. पण एकाच साच्यातल्या बऱ्याच रेसिप्या करायच्या असतील तर इथे पहिल्या व्हिडिओला लागलेली मेहनत पुढच्यांना कामी येते. मावशीच्या पुढच्या यादीत पुरणपोळी आणि कटाची आमटी आहे. अळूसाठी केलेली पाटी तिथे तशीच चालेल, फक्त कटाच्या फोडणीआधी डब्याचा शॉट पुन्हा घ्यावा लागेल, कारण त्यात लवंग-दालचिनी आहे.