जाड भिंतीपलीकडच्या टीव्हीला नेट: केबल ओढायची की पॉवरलाइन अडॅप्टर लावायचे?

आमच्या मावशीचं घर कुडाळजवळ, जुनं चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरवाल्याने राउटर ओटीवर बसवला कारण त्याला तिथे सोयीचं पडलं, आणि टीव्ही आहे आतल्या खोलीत, म्हणजे मध्ये ओटीची भिंत, माजघराची भिंत, आणि वर गोदरेजचं कपाट. टीव्हीवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लिस्टमध्येच दिसत नव्हतं, २.४ वालं दिसायचं पण ६-७ एमबीपीएस, त्यात मॅच बघायला बसलं की गोल गोल फिरत राहायचं. काका म्हणाले, "काय तो उपाय कर, पण माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही हां." तर भोक नको म्हणून मी आधी पॉवरलाइन लावून बघितलं, मग शेवटी केबलही टाकली, त्यामुळे दोन्ही एकाच घरात वापरून झालंय, तुमचंही असंच घर असेल तर ठरवायला उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, टीव्हीला स्पीड फार लागत नाही, अखंड लागतो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं. म्हणजे न तुटता २५-३० मिळाले तरी घरातल्या टीव्हीचं काम झालं. आणि दुसरं, बहुतेक टीव्हींना मागे जो लॅन पोर्ट असतो ना तो १०० एमबीपीएसचाच असतो, अगदी महागड्या ४के टीव्हीलाही. त्यामुळे केबल लावून स्पीड टेस्ट केली आणि ९४ आले तर "माझा प्लॅन ३०० चा आहे, मला फसवलं" असं वाटून घेऊ नका, केबल बरोबर आहे, पोर्ट तेवढाच आहे.

पॉवरलाइन म्हणजे काय तर दोन डबे. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, त्यातून छोटी लॅन वायर राउटरला. दुसरा टीव्हीजवळच्या सॉकेटमध्ये, त्यातून वायर टीव्हीला. मधलं अंतर सिग्नल घरातल्या लाइटच्या वायरिंगमधून कापतो. दोन्हीकडचं बटण दाबून जोडी जुळवायची, पाच मिनिटांचं काम, भोक नाही, धूळ नाही. डब्यावर ६०० किंवा १००० लिहिलेलं असतं तो आकडा विसरा. तो जाण्या-येण्याचा दोन्हीकडचा मिळून, आदर्श वायरवरचा आकडा असतो, प्रत्यक्षात त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा मिळाला तरी चांगला म्हणायचा. शिवाय ६०० लिहिलेल्या बऱ्याच डब्यांना लॅन पोर्ट पुन्हा १०० चाच असतो.

मी लावलं तेव्हा ७ ते ९ एमबीपीएस आले. म्हणजे वायफायएवढेच! मला वाटलं डबेच खराब. मग वायरमनला बोलावलं तर त्याने मीटरजवळचा बोर्ड उघडून एका मिनिटात सांगितलं की घराला थ्री फेज आहे, ओटी एका फेजवर आणि आतल्या खोल्या दुसऱ्या फेजवर. दोन वेगळ्या फेज म्हणजे दोन वेगळ्या वायरी, त्यांच्यात सिग्नलला सरळ रस्ताच नाही, बोर्डात वायरी शेजारून जातात तिथे जे काय थोडं झिरपेल तेवढंच पलीकडे जातं. त्याने मेन बंद करून आतल्या खोलीची वायर ओटीच्या फेजवर घेतली (हे स्वतः करू नका, आणि एकाच फेजवर लोड जास्त होत नाही ना हेही त्यालाच बघू द्या). लगेच ४५-४८ यायला लागले. काका खूश, ४के मध्ये नारळाची झाडं बघत बसले.

दोन दिवसांनी मावशीचा फोन, "दुपारी चांगलं चालतं रे, संध्याकाळी अडकतं." नेटवाल्याकडे संध्याकाळी गर्दी असेल असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण मग राउटरला लॅपटॉप लावल्यावर तिथे स्पीड पूर्ण येत होता, म्हणजे भानगड घरातच. हे शोधायला दोन लॅपटॉप घेतले, दोन्हींवर iperf3 हा स्पीड मोजायचा प्रोग्राम टाकला, एक राउटरला वायरने जोडलेला, दुसरा टीव्हीची वायर काढून त्या जागी. राउटरकडच्या लॅपटॉपवर पहिली ओळ, टीव्हीकडच्यावर दुसरी, आयपी अर्थात तुमच्या पहिल्या लॅपटॉपचा टाकायचा:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10 -R -t 120
```

याने इंटरनेट बाजूला राहतं आणि फक्त घरातल्या रस्त्याचा स्पीड दर सेकंदाला एक ओळ असा दिसत राहतो. `-R` यासाठी की डेटा राउटरकडून टीव्हीकडे यायला हवा, टीव्हीचं काम त्याच दिशेने चालतं. मग मावशीला सांगितलं एकेक वस्तू चालू-बंद कर. मिक्सर लावला, ४६ वरून धाडकन ११, बंद केला, परत ४५. ते अपेक्षितच होतं, मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या उडतात, त्याचा कचरा वायरिंगमध्ये जातो. पण मिक्सर काय संध्याकाळभर चालत नाही. पंखे, फ्रिज, काही फरक नाही. शेवटी तिन्हीसांजेला देवघरातली एलईडीची माळ लावली आणि आकडा १६ वर येऊन तिथेच बसला. त्या माळेचा तो हलका ॲडॉप्टर! स्वस्तातल्या ॲडॉप्टर-चार्जरमध्ये हा कचरा गाळणारे भाग वाचवलेले असतात, आणि पॉवरलाइन नेमकी त्याच फ्रिक्वेन्सीत बोलते. देवापुढची माळ काढ असं मावशीला कोण सांगणार? ॲडॉप्टर बदलला, ३८ पर्यंत आला.

आता तुमच्याकडे चालेल का याचा अंदाज आधीच कसा घ्यायचा, तर सिंगल फेज घर असेल, वायरिंग त्यातल्या त्यात नवीन असेल आणि दोन्ही सॉकेट एकाच बोर्डावरून निघत असतील तर बहुतेक चालेल. डबा थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लागला पाहिजे, स्पाइक गार्डमध्ये लावलात तर तो गार्ड सिग्नललाच कचरा समजून खातो, आपल्याकडे निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपेल. काही महागडे तीन पिनांचे डबे अर्थिंगची वायरही वापरतात, म्हणून घराला अर्थिंग नुसतं सॉकेटच्या भोकापुरतं असेल तर अशा डब्यांचे जास्तीचे पैसे पाण्यात. आणि इन्व्हर्टर, हे परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि टीव्ही साध्या लाइनवर असला तर सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं, तिथे आत फिल्टर असला तर स्पीड पडतो. दोन्ही सॉकेट इन्व्हर्टरच्याच लाइनवर असले की बरं, पण लाइट गेल्यावर जुन्या स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर काय होतं ते स्वतः मेन पाडून बघा.

केबलकडे येऊ. शेवटी केबल का टाकली, तर पावसाळ्यात परत तक्रार आली आणि या वेळी कुठली वस्तू ते सापडेना, आणि मला कुडाळला दर महिन्याला जायला सुट्टी नाही. केबलचं असं आहे की एकदा लागली की मिक्सर, माळ, फेज, कशाशी संबंध नाही. अडचण एकच, भिंत. आणि इथे मी मूर्ख ठरलो, कारण बऱ्याच कौलारू घरांत आतल्या भिंती वर छपरापर्यंत गेलेल्याच नसतात! वाशांखाली मोकळी फट असते, केबल भिंतीवरून पलीकडे टाकली, एकही भोक नाही. काका म्हणाले, "हे आधी नाही सुचलं?" सुचलं नव्हतं.

स्लॅबचं घर असेल तर मात्र भोक पाडावंच लागेल. दीड फुटाच्या भिंतीला साधं ड्रिलचं बिट पुरत नाही, दोन फुटी बिट असलेला माणूस बोलवा. चिरा मऊ असतो, विटाही पटकन जातात, काळ्या दगडाच्या भिंतीला वेळ लागतो. केबल कनेक्टर न लावता ओढा आणि टोकं नंतर क्रिम्प करा, मग ८-१० मिलिमीटरचं भोक पुरतं, तयार टोकांची केबल घेतलीत तर कनेक्टर जाण्याएवढं मोठं भोक पाडावं लागतं.

केबल घेताना एवढंच बघा की आत तांबं आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल खूप विकतात, बॉक्सवर सीसीए लिहिलेलं असतं किंवा तेही नसतं. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी दिसली तर परत द्या, ती क्रिम्पपाशी तुटते. कॅट ५ई सुद्धा टीव्हीला भरपूर झाली, कॅट ६ घेतली तर बिघडत नाही, कॅट ८ वगैरे दुकानदाराच्या मुलाच्या शिक्षणासाठी. १०० मीटरपर्यंत केबल जाते, आमची २२ मीटर लागली. मी ती लाइटच्या वायरीच्या पाइपात न घालता वेगळ्या पीव्हीसी पाइपातून नेली, सुरक्षिततेसाठी ते हवंच, आणि दुसरं कारण माळ्यावरचे उंदीर.

केबल बिघडली तर कळते कशी? टीव्हीवर मध्येच "नेटवर्क डिस्कनेक्टेड" येतं आणि टोक हलवलं की परत जोडलं जातं, म्हणजे क्रिम्प ढिला, टोक कापून नवीन लावा. एक गंमत, आठ तारांपैकी १०० एमबीपीएसला चारच लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, त्यामुळे बाकीच्या चारांपैकी एखादी तुटली तरी टीव्हीला पत्ता लागत नाही.

केबलला माझा एकच आक्षेप, कोकणातली वीज. घराच्या आतून नेलीत तर फार चिंता नाही, पण अंगणातून दुसऱ्या इमारतीत नेणार असाल तर आसपास वीज पडली की तांब्याच्या वायरीतून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात. तिथे केबलही नको आणि पॉवरलाइनही नको, फायबर टाका.

तर माझं मत, घर स्वतःचं असेल आणि केबलला रस्ता सापडत असेल तर दुसरा विचारच करू नका, मला पाइप आणि माणसासकट डब्यांच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. भाड्याचं घर असेल, मालक खिळासुद्धा ठोकू देत नसेल, तर पॉवरलाइन, पण परत घेणाऱ्या दुकानातूनच, आणि परत करायची मुदत संपायच्या आत दुपारी नाही तर संध्याकाळी सात ते नऊ, सगळे दिवे आणि चार्जर चालू असताना तपासा. मावशीकडचे ते डबे आता ताई पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये वापरते, सिंगल फेज आहे, ५५-६० मिळतात, आणि मिक्सर लावायच्या आधी ती ओरडून विचारते की कोणी काही बघतंय का.