अडीच तास पुढचं स्मार्टवॉच

रील बघताना मध्येच येणारी ती जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. मोठा चौकोनी डायल, नारिंगी पट्टा, ७,९९९ वर काट मारून १,२९९ रुपये, आणि पैसे पार्सल घरी आल्यावर. माझ्या सासऱ्यांनी तेच घड्याळ मागवलं. पार्सल हातात यायच्या आधी पैसे द्यावे लागतात. खोक्यावर ना कंपनीचं नाव, ना आयात करणाऱ्याचा पत्ता, ना एमआरपी, हे दिसलं तेव्हा कुरिअरवाला जिना उतरून गेला होता.

चालू केल्यावर घड्याळाची वेळ बरोबर अडीच तास पुढे होती. भारताची वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आणि चीनची आठ तास, म्हणजे तिकडची वेळच आत भरलेली असणार. "अगं, तास-मिनिटं बदलायची कुठून?" बाबा विचारत होते. डायल बदलायला पानंच्या पानं होती, पण वेळ लावायची सोय कुठेच नाही. असली घड्याळं वेळ फोनकडून घेतात, आणि तीही त्यांच्या ॲपमधून जोडलं तरच.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बाबांनी फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून घड्याळ जोडलं, फोनवर 'Connected' आलं, वेळ मात्र तशीच. ती जोडणी फक्त कॉलच्या आवाजाची असते. वेळ आणि नोटिफिकेशन दुसऱ्या, कमी बॅटरी खाणाऱ्या जोडणीवरून जातात, आणि ती ॲपच्या आतून करायची असते. त्यात आधीच फोनला जोडलेलं घड्याळ ॲपला सापडेना. फोनच्या यादीतून ते काढून टाकलं, तेव्हा कुठे ॲपमध्ये दिसलं आणि वेळ जुळली.

पण खरी भानगड त्या ॲपचीच होती. माहितीपत्रकावरचा क्यूआर कोड प्ले स्टोअरवर जात नाही, ब्राउझरमधून थेट फाइल उतरवतो. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी द्यायला गेलं की फोन 'Restricted setting' म्हणून अडवतो. माहितीपत्रकात मोडक्या इंग्रजीत त्यावरही तोडगा छापलेला: ॲपच्या माहितीत जा, वरच्या तीन टिंबांतून 'Allow restricted settings' दाबा. बाबांनी ते पाळलं. फोन ज्यासाठी अडवत होता तेच कुलूप ग्राहकाच्या हातून उघडून घेतात, ही यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

मग नोटिफिकेशन यायला लागली. कुटुंबाच्या ग्रुपवरचे मराठी मेसेज नुसते चौकोन होऊन दिसत, कारण घड्याळात देवनागरी अक्षरंच भरलेली नव्हती. स्वच्छ वाचता आला तो बँकेचा इंग्रजीतला ओटीपी. मनगटावर तो दिसतो याचा अर्थ ॲपने तो आधी वाचलेला असतो. ॲपने तो पुढे कुठे पाठवला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ॲप कुणाचं, तक्रार कुठे करायची, हे कुठेही लिहिलेलं नाही आणि ते फोनवर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन वाचू शकतं.

दुसऱ्या दिवशी नोटिफिकेशन बंद. फोनच्या बॅटरी बचतीने मागे चालणारं ॲप झोपवलं होतं. त्याला बचतीतून सूट दिली तर मेसेज परत येतात, म्हणजे त्या अनोळखी ॲपला रात्रंदिवस चालू ठेवायचं. रात्री घड्याळाची बॅटरी संपली. सकाळी चार्जिंगला लावल्यावर ते १ जानेवारी, रात्रीचे बारा दाखवू लागलं, आणि ॲप उघडेपर्यंत तिथूनच पुढे मोजत राहिलं. त्यात दाखवलेल्या हृदयाच्या ठोक्यांवर विश्वास ठेवायचा का, ते मी पट्टा पाण्याच्या बाटलीला गुंडाळून पाहिलं. बाटलीचे ठोके ७६ आले.

शेवटी सेटिंग्जमधून ॲपची नोटिफिकेशनची परवानगी काढली, मग ॲप काढलं, ब्लूटूथच्या यादीतून घड्याळाचं नाव पुसलं. परतीसाठी दिलेल्या ईमेलवर पाठवलेला मेल परत आला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथे विक्रेत्याचं नाव विचारतात आणि आमच्या लेबलवर फक्त कुरिअरच्या गोदामाचा पत्ता आहे. म्हणून पार्सल फोडण्याआधी लेबलचा फोटो, आणि मागवतानाच जाहिरातीचा व वेबसाइटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्याकडची जाहिरात आता उघडतच नाही.

भारतात विकायच्या स्मार्टवॉचला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते. खोक्यावर किंवा घड्याळाच्या मागे R- पुढे आठ आकडे असतात, ते 'BIS Care' ॲपमध्ये टाकले की उत्पादकाचं नाव येतं. विक्रेत्याकडे त्या नंबरचा फोटो मागा. तो न देता 'स्टॉक संपतोय' असंच सांगत राहिला, तर ऑर्डर देऊ नका.