चकाकणाऱ्या पानाचा फोटो आणि गिळलेला अनुस्वार: टेसरॅक्ट व इमेजमॅजिक, काही महिन्यांच्या वापरानंतर

पैसे भरून घेतलेल्या एका स्कॅनिंग अ‍ॅपची वर्गणी संपत आली होती, आणि मी ती निमूटपणे पुन्हा भरलीही असती. पण त्याआधी त्याने नियमावलीच्या एका पानावरच्या ‘सभासदांच्या लेखी संमतीने’चं ‘सभासदाच्या लेखी संमतीने’ करून दिलं. एक टिंब गेलं आणि सगळ्यांची संमती एकट्याची झाली. शुद्धलेखन तपासणाऱ्याला यात काही खटकणार नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘फोटो भरपूर उजेडात काढा.’ पान लॅमिनेट केलेलं होतं. जितका उजेड भरपूर, तितकी चकाकी भरपूर. वर्गणी बंद केली आणि फोटोतला मजकूर ओळखून देणारं टेसरॅक्ट व फोटो सुधारणारं इमेजमॅजिक या फुकटच्या जोडीवर आले.

ही दोन्ही कशी बसवायची, मराठीची `mar` फाइल कुठे ठेवायची, हे इथे सांगत बसत नाही. टेसरॅक्ट ओळखण्याचं काम बरं करतं, पण त्याला मिळणारा फोटो तुम्ही आधी धुऊन-पुसून द्यायचा असतो. या धुण्यापुसण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ चकाकीने खाल्ला, म्हणून बाकीचं पटकन उरकते.

कातरणं आणि सरळ करणं मी एकाच फटक्यात करते. पानाचे चार कोपरे फोटोत कुठे आहेत ते कुठल्याही फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहून घ्यायचं आणि ते चार कोपरे कोऱ्या ए-४ आयतावर ताणून बसवायचे:

```
magick photo1.jpg -auto-orient -define distort:viewport=2480x3508+0+0 -distort Perspective \
"612,418 0,0 2290,455 2480,0 2352,2840 2480,3508 560,2795 0,3508" \
-crop 2480x3508+0+0 +repage a.png
```

प्रत्येक जोडीत आधी फोटोतला बिंदू, मग तो जिथे न्यायचा ती जागा. २४८० गुणिले ३५०८ म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने ए-४, आणि टेसरॅक्टला साधारण एवढीच घनता मानवते. या फोटोत पान मुळात इंचाला दोनशेच्या आसपास पिक्सेल भरत होतं. मोठं केल्याने नवा तपशील येत नाही, पण आधी सरळ आणि मग मोठं असं दोनदा केलं की अक्षरांच्या कडा दोनदा मऊ होतात. म्हणून एकदाच. मधल्या सगळ्या फाइली पीएनजीत ठेवायच्या. जेपीजी दर वेळी अक्षरांभोवती थोडा मळ सोडतो.

इमेजमॅजिकचं `-deskew 40%` लोक सर्रास सुचवतात. ते फक्त फिरवतं. कॅमेरा बाजूने झुकलेला असेल तर वरच्या ओळी एका कोनात असतात आणि खालच्या दुसऱ्या, मग कुठल्या कोनाने फिरवणार? तिरपेपणा का भोवतो हे एकदा गणित करून पाहिलं की विसरत नाही. पान तीन अंशांनी तिरकं असेल तर २००० पिक्सेल लांबीच्या ओळीचं शेवटचं टोक १०५ पिक्सेल खाली जातं. दोन ओळींमधलं अंतर ७५ असेल तर ओळ संपते ती पुढच्या ओळीच्याही खाली. टेसरॅक्ट मग अर्धी ही ओळ, अर्धी ती ओळ असं विणून देतं. आपल्या लिपीत तपासणं मात्र सोपं: शिरोरेषा पडद्यावरच्या खिडकीच्या कडेशी लावून पाहायची. वाकडी असेल तर लगेच कळतं.

कातरताना टेबलाची काळी कड राहू देऊ नका, ती दंड म्हणून वाचली जाते. अगदी अक्षराला चिकटूनही कापू नका. दहाएक पिक्सेलची पांढरी किनार पुरते.

आता चकाकी. लॅमिनेशनवरचा उजळ डाग दोन प्रकारचा असतो, आणि हा फरक कळेपर्यंत मी उगाच प्रत्येक डागावर तोच उपाय मारत होते. एक प्रकार धुक्यासारखा: अक्षरं फिकट होतात, पण असतात. दुसऱ्यात पिक्सेल २५५वर जाऊन आपटलेले असतात, म्हणजे कॅमेऱ्याने ‘पांढरं’ एवढंच लिहून ठेवलंय. तिथे खालचं अक्षर फोटोत नाहीच. कॉन्ट्रास्ट वाढवा, घटवा, नसलेलं कुठून येणार? कोणत्या प्रकारचा डाग आहे ते पाहायला `-threshold 99%` लावून बघायचं. पांढरे राहिलेले ठिपके म्हणजे मेलेली जागा. फक्त फोटो मुळात जास्त उजळ नसावा, नाहीतर अख्खा कागदच पांढरा दिसेल. म्हणून मी फोनवर उजेड एक पायरी कमी करूनच काढते.

डाग ‘भरून’ देणारी इनपेंटिंगची सोय काही प्रोग्रॅममध्ये असते. तिच्यापासून चार हात लांब राहा. ती आजूबाजूचे रंग आत ओढते, म्हणजे डागाच्या जागी नीटनेटका कोरा कागद तयार होतो. अनुस्वार होता की नव्हता हा प्रश्नच मिटतो. मेलेली जागा मेलेली दिसलेली बरी.

खरा उपाय फोटो काढतानाच आहे, आणि तो फुकट आहे. फोन कशावर तरी घट्ट टेकवून ठेवायचा, फ्लॅश बंद, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद. एक फोटो दिवा डावीकडे ठेवून, दुसरा उजवीकडे ठेवून. चकाकी आरशासारखी वागते, दिवा हलला की डागही हलतो; अक्षरं जागेवरच राहतात. मग दोन्ही फोटो त्याच चार कोपऱ्यांनी सरळ करायचे (दुसऱ्याचं नाव `b.png`) आणि प्रत्येक ठिकाणी दोघांतला जास्त गडद पिक्सेल घ्यायचा. डाग नेहमी उजळ असतो, त्यामुळे तो हरतो:

```
magick a.png b.png -colorspace Gray -evaluate-sequence Min flat.png
magick flat.png \( +clone -blur 0x40 \) \
-compose Divide_Src -composite clean.png
```

दुसरी आज्ञा सावली काढते. पानाची खूप धूसर प्रत म्हणजे जवळपास नुसती पार्श्वभूमी. मूळ चित्राला तिने भागलं की कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो आणि शाई गडद उरते. पण क्रम उलटवू नका. आधी भागाकार केला तर डागाशेजारची धूसर पार्श्वभूमी वाजवीपेक्षा उजळ धरली जाते आणि डागाभोवती करडं कडं उमटतं. मग ‘जास्त गडद ते घ्या’ म्हटल्यावर नेमकं ते कडंच निवडलं जातं.

दोन दिवे ठेवूनही दोन्ही फोटोंत डाग एकाच जागी आला तर तिसरा फोटो. आज्ञेत तीन फाइली दिल्या तरी चालतं. फोन हातात धरून काढाल तर मात्र चारही कोपरे जुळूनही मधली अक्षरं सरकतात, कारण लॅमिनेट केलेलं पान क्वचितच सपाट असतं. ओळखायची खूण: शिरोरेषा दुहेरी किंवा जाड दिसते, आणि ‘ध’चा ‘घ’ व्हायला लागतो.

फिल्टरवाल्यांसाठी: पोलरायझर उपयोगी पडतो, पण प्रकाश तिरपा परावर्तित होत असेल तेव्हाच. प्लास्टिकसाठी सगळ्यात चांगला परिणाम लंबाशी साधारण ५५–५७ अंशांवर मिळतो. सरळ वरून काढलेल्या फोटोतल्या दिव्याच्या डागावर त्याचा असर नगण्य. विकत घेण्याआधी दिवा सरकवून पाहा.

सीएलएएचई, म्हणजे पानाचे छोटे तुकडे करून प्रत्येकात वेगळा कॉन्ट्रास्ट वाढवणारी पद्धत, हिच्याबद्दल सुरुवातीला माझं मत फार वाईट होतं. पूर्ण पानावर लावली की कागदाचा पोत, मागच्या बाजूची पुसट छपाई, सगळं वर येतं आणि कोऱ्या समासात टेसरॅक्टला शब्द दिसायला लागतात. हे मत पानाच्या बाबतीत अजूनही तेच आहे. पण धुक्यासारख्या चकाकीवर भागाकार लंगडा पडतो, कारण धुकं वरून उजेड मिसळतं आणि त्यामुळे शाईच फिकट होते. तिथे तेवढाच पट्टा कापून, मर्यादा २-३च्या आसपास ठेवून ही पद्धत लावली तर फिकट अक्षरं वाचण्याइतकी उभी राहतात. म्हणून तिचा एक तारा वाढवते.

बारीक ठिपके काढणाऱ्या पर्यायाला मात्र एकही तारा नाही. मराठीत ठिपका म्हणजे कचरा नव्हे. इंचाला ३०० पिक्सेलवर लहान टाइपातला अनुस्वार मोजक्या पिक्सेलांचा असतो आणि ‘डिस्पेकल’ किंवा मीडियन फिल्टर त्याला धूळ समजतो. माझ्या जुन्या अ‍ॅपनेही ‘सुधारलेल्या’ प्रतीत बहुधा हेच केलं असावं. ते बंद करायचं बटण त्यात कुठेच नव्हतं, आणि राग त्याचाच आहे.

शेवटी वाचायला देताना:

```
tesseract clean.png out -l mar --psm 6 \
-c tessedit_write_images=1 tsv
```

`--psm 6` म्हणजे सलग मजकुराचा एकच ठोकळा आहे असं सांगणं. दोन स्तंभांच्या पानाला हे देऊ नका. `tessedit_write_images`मुळे टेसरॅक्टने स्वतः काळं-पांढरं करून नेमकं काय पाहिलं त्याची टिफ फाइल मिळते. मी आधी हीच उघडते. अनुस्वार त्यात असेल आणि तरी निकालात नसेल, तर दोष ओळखण्याचा. त्यातच नसेल तर दोष तुमच्या तयारीचा किंवा काळं-पांढरं करण्याचा; तेव्हा आवृत्ती ५मध्ये `-c thresholding_method=2` लावूनही बघा. हा सौवोला प्रकार भोवतालच्या उजेडाप्रमाणे काळ्या-पांढऱ्याची सीमा ठरवतो. टीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक शब्दासमोर `conf` रकान्यात खात्रीचा आकडा असतो. मी कमी आकड्याचे शब्द आधी तपासते, पण ‘सभासदाच्या’सारख्या शब्दाला भरघोस आकडा मिळू शकतो, कारण उरलेली अक्षरं ठणठणीत असतात. म्हणून डाग जिथे होता तिथले सगळे शब्द आकडा न बघता मूळ पानाशी जुळवते.

ते नियमावलीचं पान दोन दिव्यांच्या फोटोंतून ‘सभासदांच्या’ असं बरोबर आलं. तारे: टेसरॅक्टला चार, इमेजमॅजिकला साडेचार. अर्धा तारा कापला तो कोपऱ्यांचे आकडे दर वेळी हाताने टाकावे लागतात म्हणून. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळ वळलेल्या ओळींवर चार कोपऱ्यांची युक्ती चालत नाही, कारण तिथे कागद सपाटच नसतो. त्या फोटोंसाठी मी अजून पान काचेखाली दाबते, आणि काच आली की पुन्हा दोन दिवे.