लाल गालांवर मुरुमांचं पॅकेज : इंदूरकरांनो, पैसे देण्याआधी वाचा

रामबागेतल्या एका चाळिशीतल्या ताईंचे दोन्ही गाल आणि नाक कायम लालसर दिसायचं, वर बारीक पुळ्या. गरम चहा घेतला, पोळ्या लाटायला गॅसपाशी उभं राहिलं किंवा मे महिन्यात राजवाड्यापर्यंत जाऊन आलं की चेहरा तापायचा आणि चुरचुरायचा. एका ब्यूटी क्लिनिकमध्ये “हे पिंपल्स आहेत” असं सांगून त्यांच्याकडून सहा सिटिंगचे नऊ हजार आगाऊ घेतले. वाफ, स्क्रब, पील आणि घरी लावायला लेबल नसलेली पांढरी डबी.

त्यांना मुरुम नव्हतेच, रोझेशिया होता. मुरुमात छिद्रं बुजतात, म्हणून काळे-पांढरे कील असतातच, आणि पुष्कळदा पाठीवर, छातीवरही फोड येतात. रोझेशियात कील नसतात. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या फुलतात, त्वचेला सूज येते आणि त्या लालीवर पुळ्या उठतात. दिवसाच्या उजेडात गाल ताणून पाहा: लाली आणि पुळ्या आहेत, पण कील एकही नाही, तर मुरुमांचे उपचार घेऊ नका. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथे गरमपणा आणि चुरचुर यांवरूनच ओळखावं लागतं. एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतं, म्हणून शेवटचा निर्णय त्वचारोगतज्ज्ञाचाच.

वाफ आणि स्क्रबने ही त्वचा आणखी भडकते. पण खरा घात डबीने केला. चार-पाच दिवसांत लाली गेली, ताई खूश, म्हणून दुसरी डबी घेतली. अशा डब्यांत बहुतेक वेळा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, आणि क्रीम थांबवताच लाली दुपटीने उसळते. ताईंनाही तेच झालं, आणि क्लिनिकवाल्यांनी त्यावर तिसरी डबी सुचवली. माणूस गिऱ्हाईक म्हणून अडकतो तो इथेच, आणि याचा राग येतो.

अशी डबी वापरत असाल तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड कसं सोडायचं ते तेच ठरवतील. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा बिघडलेलाच दिसेल, त्या भीतीने पुन्हा डबीकडे वळू नका. रोझेशियाला मेट्रोनिडॅझोल जेल, अझेलिक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिन क्रीम देतात, पुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. “कायमचा इलाज” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. सोबत सौम्य फेसवॉश आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पुरे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रोझेशिया डोळ्यांतही उतरतो.

पैसे दिले असतील तर पावती आणि डबी टाकू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि बिनलेबलच्या औषधाची तक्रार जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे.