मधुमेही पायाच्या बोटातल्या हाडात जंतू: बोट काढायचं की सहा आठवडे औषध?

पायाची जखम महिनाभर भरेना आणि डॉक्टर म्हणाले, ‘हाडापर्यंत गेलंय’, की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, बोट काढून मोकळे व्हा. दुसऱ्याचं, औषधावर भागत असेल तर कापायचं कशाला? पुढच्या बोटांच्या बाबतीत दोन्ही रास्त आहे. कुणाचं ऐकायचं ते पाय नीट तपासून ठरतं.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. वय 58, बारा वर्षांचा मधुमेह, दुसऱ्या बोटाच्या टोकाला पाच आठवड्यांची जखम. बोट लालसर आणि फुगलेलं आहे, पण पू नाही, तापही नाही, हाड बाहेर दिसत नाही आणि पायाचा रक्तपुरवठा बरा आहे. निर्जंतुक धातूची सळई जखमेत अलगद घातली तर टोकाला काहीतरी टणक लागतं. शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी, ईएसआर, 82 आहे. असा पाय असताना ती 70 च्या वर गेली की हाडाचा संशय बळावतो.

आता एक्स-रे. तो स्वच्छ आला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये, कारण हाडातला चुना बराच झिजल्याशिवाय फिल्मवर काही दिसत नाही आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पहिली फिल्म जपून ठेवायची आणि तेवढ्या अंतराने दुसरी काढून शेजारी धरायची. हाडाची कड खाल्ल्यासारखी दिसली आणि सळईही हाडाला लागत असली, तर एमआरआयचा खर्च बहुतेक वेळा वाचतो. एमआरआय लागतो तो शंका उरली तर, किंवा पू कुठवर पसरलाय ते पाहायला. पाऊल मधुमेहानेच खचलेलं असेल (शार्को), तर एमआरआयही फसवू शकतो.

हाडाच्या संसर्गाची पायरी ठरवायला सिअर्नी-मेडर वर्गीकरण वापरतात. हाड आतून, वरवर, एका भागात की आरपार बाधलंय हे एका बाजूला. माणूस सशक्त, कमकुवत, की उपचारच जास्त बाधावा असा, हे दुसऱ्या बाजूला. ही पद्धत मुळात लांब हाडांसाठी आली. बोटाच्या इवल्या हाडाला मला तिची दुसरी बाजू जास्त उपयोगी वाटते. मधुमेही माणूस कमकुवत गटातच धरतात, आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर औषध हाडापर्यंत पुरेसं पोचत नाही.

म्हणून नुसत्या औषधाची वाट कुणाला? संसर्ग पावलाच्या पुढच्या भागात हवा, रक्तपुरवठा बरा हवा, हाड उघडं पडलेलं नको आणि ताबडतोब चिरून पू काढायची गरज नको. आपल्या रुग्णात हे चारही जमतं. पू, काळं पडलेलं बोट किंवा पसरता संसर्ग असेल, तर शस्त्रक्रिया टाळण्यात अर्थ नाही. रक्तवाहिनी तुंबली असेल तर आधी ती मोकळी करता येते का, हे विचारा.

मुदतीत मोठा फरक आहे. हाड न काढता औषध साधारण सहा आठवडे; जास्त लांबवल्याने फायदा दिसलेला नाही. बाधित हाड पूर्ण निघालं आणि भोवतीचं मांसही स्वच्छ असलं, तर काही दिवस पुरतात. उरलेल्या टोकाच्या हाडात कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिल्यावर, जंतू सापडले, तर तीन आठवड्यांपर्यंत. मात्र एक बोट गेलं की चालण्याचा भार शेजारच्या बोटांवर जातो आणि तिथे नवी जखम होण्याचा धोका वाढतो. कापण्याच्या बाजूने बोलणारे हे क्वचित सांगतात.

जंतू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. पण आपल्याकडच्या उष्ण हवेत, आणि आधी बरीच औषधं झाली असतील तर, स्यूडोमोनास व इतर ग्रॅम-निगेटिव्ह जंतूही बरेच सापडतात. जखमेवरून पुसून घेतलेला स्वॅब हाडात काय आहे ते खात्रीने सांगत नाही. सहा आठवड्यांचं औषध अंदाजाने घेण्यापेक्षा हाडाचा तुकडा कल्चरला दिलेला बरा. रुग्ण स्थिर असेल तर त्याआधी काही दिवस अँटिबायोटिक थांबवतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

सगळं औषध शिरेतूनच हवं, असंही नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीत हाडा-सांध्यांच्या संसर्गाचे हजारावर रुग्ण होते. पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांचा निकाल शिरेतल्या औषधापेक्षा वाईट ठरला नाही. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक दोन आठवड्यांपुढे गेलं तर दर आठवड्याला रक्तपेशी मोजायला हव्यात. रिफाम्पिसिन कधीच एकटं द्यायचं नाही, आणि क्षयाची शंका असताना तर मुळीच नाही.

आपल्या रुग्णाला मी आधी औषधाची वाट सुचवेन, सोबत जखमेवरचा भार काढणारं पादत्राण. चार आठवड्यांत सूज-लाली उतरली नाही, तर तीच औषधं पुढे रेटण्याऐवजी पुन्हा फिल्म, पुन्हा कल्चर, आणि सर्जनची भेट. उतरली तरी बरं झालं असं लगेच म्हणायचं नाही. औषध संपल्यावर किमान सहा महिने जखम बंद राहिली आणि फिल्मवर हाड आणखी झिजलं नाही, तरच.